भाड्याचा फ्लॅट आणि मालकाकडची दुसरी चावी

"मी गावी गेलेलो असताना मालक त्याच्याकडच्या चावीने फ्लॅट उघडून आत जाऊन आला. गोव्यात असं चालतं का? करार ११ महिन्यांचा आहे."

नाही चालत. "घर माझं आहे, मी केव्हाही येईन" हे वाक्य मीही ऐकलंय आणि त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही फोंड्याला भाड्याने राहायचो. चवथीला घर बंद करून सगळे पेडण्याला मूळ घरी जायचो. एका वर्षी परत आलो तर बेडरूममधला पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढलेला, लाद्यांवर वाळलेल्या चिखलाचे बुटांचे ठसे आणि कपाटासमोरची बायकोची इस्त्रीच्या कपड्यांची पिशवी बाल्कनीत. चोरी काहीच नव्हती. खाली वॉचमनचं रजिस्टर बघितलं. आमचा फ्लॅट नंबर, मालकाचं नाव, "सोबत दोन" आणि सकाळची वेळ, सगळं स्वच्छ लिहिलेलं. मी त्या पानाचा फोटो काढला आणि मालकाला फोन केला. आधी म्हणाला, भिंतीला ओल आली का बघायला गेलो होतो. सोबत दोघे कोण होते विचारल्यावर कळलं की फ्लॅट विकायला काढलाय आणि ती गिऱ्हाइकं होती. मग आलं ते वाक्य, "घर माझं आहे. तुम्ही कोण विचारणारे?"

कोण ते सांगतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम १०८. भाडं वेळेवर भरणाऱ्या आणि अटी पाळणाऱ्या भाडेकरूला मुदतभर विनाव्यत्यय ताबा मिळेल, असं मालकाने कबूल केल्याचं हे कलम धरून चालतं. त्याच कलमात पुढे भाडेकरूवरही एक बंधन आहे: वाजवी वेळी मालकाला किंवा त्याच्या माणसाला जागेची स्थिती बघायला येऊ द्यायचं. मालक लोक या ओळीवर बोट ठेवतात. पण "येऊ द्यायचं" हे भाडेकरूचं काम आहे. म्हणजे मालकाने विचारायचं आणि तुम्ही दार उघडायचं. तुमच्या पाठीमागे कुलूप उघडायची सूट माझ्या मते त्यात नाही. शिवाय ती सोय जागेची स्थिती बघण्यापुरती आहे. ओल बघणं त्यात बसतं. गिऱ्हाइकाला बेडरूम दाखवणं बसत नाही, त्यासाठी करारात वेगळी अट लागते.

मी त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर सगळा प्रकार तारीख-वेळेसह लिहून रजिस्टरचा फोटो जोडला. मजकूर साधा होता: माझ्या परवानगीशिवाय आत आलात, पुन्हा येऊ नका, यायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा. तोच मजकूर स्पीड पोस्टनेही पाठवला. तुम्हीही आधी हेच करा. तोंडी भांडणाचा पुरावा राहत नाही आणि रजिस्टरची वही भरली की कुठे जाते ते कोणी सांगू शकत नाही. लॅचचं सिलिंडर बदलायचं असेल तर करारात मनाई नाही ना ते बघा, जुनं जपून ठेवा आणि घर सोडताना परत बसवा.

पोलिसांकडून फार अपेक्षा ठेवू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये गृहअतिक्रमण आहे, पण नुसतं आत शिरणं पुरत नाही. गुन्हा करायचा किंवा ताबेदाराला धमकावायचं, अपमानित करायचं, त्रास द्यायचा हेतू दाखवावा लागतो. त्यामुळे "दिवाणी बाब आहे" असं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. लेखी मनाई केल्यावरही मालक आला तर मात्र हेतूचा मुद्दा तुमच्या बाजूने बळकट होतो. तेव्हा लेखी तक्रार देऊन पोच घ्या.

आता दोन गोष्टी ज्या तुमच्या विरुद्ध जाऊ शकतात. तुमचा करार लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेपट्टा नसून नुसती राहण्याची परवानगी असेल तर कलम १०८ थेट लागू होत नाही आणि मालकाची बाजू वजनदार होते. तरी कागदावरचं शीर्षक अंतिम नसतं. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात कराराचा गाभा बघायला सांगितलं आणि जागेचा ताबा फक्त राहणाऱ्याकडे आहे का, हा त्यातला मोठा मुद्दा ठरला. दुसरं, पावसात तुमच्या बाथरूमचं पाणी खालच्या घरात उतरत असेल आणि तुम्ही फोन उचलत नसाल, तर मालकाने दार उघडलं म्हणून भांडू नका. तसं असेल तर तो वॉचमनला किंवा शेजाऱ्याला सोबत घेऊन जातो आणि लगेच कळवतो.

मी पुढच्या करारात अट घालून घेतली: २४ तास आधी लेखी निरोप, सूर्योदय ते सूर्यास्त याच वेळेत, आणीबाणी सोडून. हे शब्द केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या धर्तीवर आहेत. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, पण दोघांनी करारात लिहून सही केली की दोघांनाही बांधतो. आमच्या मालकाने तोंड वाकडं केलं, तरी नोटरीसमोर सही केली. तुमच्या करारात "मालक केव्हाही प्रवेश करू शकेल" अशी ओळ असेल तर नूतनीकरणाच्या वेळी ती खोडून घ्या आणि खोडलेल्या जागी दोघांच्या सह्या घ्या.