होस्टेलच्या खोलीत भात: कुकर की पातेलं?

प्रश्न: सायबर चौकाजवळ होस्टेलवर राहतो. एक टेबल, एक सॉकेट. आमटी-भाजी डब्यातून येते, भात तेवढा करायचाय. इलेक्ट्रिक राईस कुकर घेऊ की शेगडी आणि पातेलं?

उत्तर: भावा, कुकर घे, पण लहानातला लहान. त्याआधी रेक्टरना विचार. बऱ्याच होस्टेलांत गरम करायची उपकरणं चालत नाहीत. तुझ्याकडेही तसंच असेल तर दोन्ही बेत रद्द.

घोळ पातेल्याचा नाही, त्याच्याखालच्या शेगडीचा आहे. साधा लहान सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट. २००० वॅटची कॉइल पावणेनऊ अँपिअर ओढते. प्लग तापतो, प्लास्टिकचा वास सुटतो. हजार वॅटची चालेल, पण उकळी आल्यावर भाताला मंद आच लागते आणि स्वस्तातल्या बऱ्याच कॉइलना आच कमी करायची सोयच नसते. बटण बंद केलं तरी कॉइल तापलेलीच, मग खाली करपतं. एक लिटरचा कुकर मात्र साधारण ४०० वॅटचा, दोन अँपिअरही घेत नाही.

शिवाय त्याच्यापाशी थांबावं लागत नाही. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर तळ शंभर अंशांच्या आसपास राहतो. तांदळाने पाणी पिऊन टाकलं की तळ तापत जातो, खालच्या चुंबकाची ओढ संपते आणि खटका वर उडतो. म्हणून भांडं आत ठेवताना बाहेरून कोरडं पूस. कुकरच्या आतल्या तापणाऱ्या तव्यावर एखादं शीत अडकलं तर भांडं नीट टेकत नाही, खटका अवेळी उडतो आणि भात कच्चा राहतो.

लहान घे म्हटलं त्याचं कारण असं: १.८ लिटरच्या कुकरात एका माणसाचा तांदूळ म्हणजे तळाला पातळ थर. तांदूळ शिजायच्या आत पाणी वाफ होऊन जातं, मग वर कणी आणि खाली खरपूड.

सोबतच्या मापाने एक माप कोलम घे, दोन-तीनदा धू, वीस मिनिटं भिजव आणि दोन मापं पाणी घाल. जुना तांदूळ असेल तर थोडं जास्त. आजऱ्याचा घनसाळ (त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय) किंवा इंद्रायणी असेल तर पावणेदोन मापं पुरे, नाहीतर गिचका होतो. नीट धुतला नाहीस तर पेज उतू जाऊन टेबलभर. खटका उडाला की दहा मिनिटं झाकण उघडू नकोस, मग प्लग काढ. तासन्‌तास ‘वॉर्म’वर ठेवलास तर तळाचा भात वाळतो.

फोडणीच्या नादाला मात्र लागू नकोस. पाणी नसलं की खटका उडतच राहणार. काही जण तो चमच्याने दाबून ठेवतात, ते अजिबात करू नकोस. मुगाची खिचडी छान होते. तूरडाळ बिनशिट्टीच्या भांड्यात लवकर शिजत नाही, फेसही फार येतो, तेव्हा आमटी डब्यातलीच राहू दे.