'वाचन', 'निवेदन' की 'अभिवाचन'? ऑडिओबुकच्या पानावरची मराठी

प्रश्न : "'श्यामची आई' पूर्ण रेकॉर्ड झालंय, आता अ‍ॅपवर टाकायचंय. जिने वाचलंय तिला निवेदिका म्हणायचं, वाचक म्हणायचं की अभिवाचक? टायटल कसं द्यायचं? आणि पुस्तकाच्या मागचा मजकूर वर्णन म्हणून तसाच टाकला तर चालतो का?"

सरळ 'वाचन : अमुक' असं लिहा, बाकी काही नको. अ‍ॅपच्या फॉर्ममधल्या रकान्याला 'निवेदक' किंवा Narrator असं लेबल असलं तर ते बदलणं आपल्या हातात नसतं, तिथे फक्त नाव भरायचं. पण कव्हरवर, वर्णनात आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीच्या ओळीत शब्द आपणच निवडतो ना, तिथे 'वाचन'च ठेवा.

'निवेदक' चुकीचा नाहीये, आकाशवाणीमुळे तो आपल्या कानात पक्का बसलाय. पण कादंबरीच्या बाबतीत तो शब्द आधीच दुसऱ्याने घेऊन ठेवलाय. समीक्षेत निवेदक म्हणजे कथेच्या आत बसून गोष्ट सांगणारा, आणि तुमच्या पुस्तकात तर हे फारच ठळक आहे, कारण तिथे श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, अशा 42 रात्री. म्हणजे लिहिणारे साने गुरुजी, सांगणारा श्याम आणि मोठ्याने वाचणाऱ्या तुमच्या बाई, ही तीन वेगळी माणसं झाली. त्यात बाईंना 'निवेदिका' केलं की ज्याला हा शब्द पुस्तकांतून माहितीय तो म्हणणार, अरे मग श्याम कोण?

'वाचक' तर नकोच, तो पुस्तक विकत घेणारा. 'स्वर' लिहिलं की गाण्याची सीडी वाटते. 'अभिवाचन' हा शब्द छान आहे, पण त्यात कबुली असते की पात्रागणिक आवाज बदललाय, थोडा अभिनय केलाय, कधी दोघं-तिघं मिळून वाचतायत. एकाच आवाजात सरळ वाचलं असेल आणि वर 'अभिवाचन' लिहिलं तर ऐकणारा पहिल्या दहा मिनिटांत नाराज होतो. संवाद पात्रांत वाटून, पार्श्वसंगीत घालून केलं असेल तर ती श्रुतिका, तिला वाचन म्हणूच नका. 'वाचन'चा आणखी एक फायदा म्हणजे निवेदक-निवेदिका ही कटकटच उरत नाही.

टायटलच्या रकान्यात फक्त 'श्यामची आई'. 'श्यामची आई संपूर्ण मराठी ऑडिओबुक साने गुरुजी' अशी शेपूट लावायचा मोह होतो, पण मोबाईलवर ते अर्ध्यात कापलं जातं आणि बघायलाही स्वस्त वाटतं. लोक Shyamchi Aai असं टाइप करून शोधतात किंवा 'शामची आई' लिहितात हे खरंय, त्यासाठी कीवर्डचा रकाना असेल तर तिथे टाका. लेखकाच्या जागी 'साने गुरुजी', दोन शब्दांत, आणि त्यांची अजून पुस्तकं टाकणार असाल तर प्रत्येक वेळी अगदी तसंच. एकदा 'सानेगुरुजी' आणि एकदा 'पांडुरंग सदाशिव साने' असं झालं की बऱ्याचदा अ‍ॅप त्यांना दोन वेगळे लेखक समजून दोन पानं करतं. वाचणाऱ्या बाईंच्या नावापुढे सौ., डॉ. काही नको, कारण तेच.

आता मागचा मजकूर. तो तसाच टाकू नका, आणि हे फक्त भाषेमुळे नाही. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो, म्हणून 2011 पासून मूळ पुस्तक सगळ्यांना मोकळं आहे. पण हल्लीच्या आवृत्तीचं मलपृष्ठ त्या प्रकाशकाने लिहून घेतलेलं असतं, ते मोकळं नाही. प्रस्तावना कोणा नंतरच्या माणसाची असेल तर तीही बघून घ्या. आणि मोकळं आहे म्हणजे हेच पुस्तक दुसरेही वाचून टाकणार, एकाच नावाची चार रेकॉर्डिंगं शेजारी शेजारी दिसली तर माणूस आवाज बघूनच निवडणार, म्हणून वाचणाऱ्याचं नाव वर्णनातही येऊ द्या.

भाषेचं म्हणाल तर मलपृष्ठावर 'प्रस्तुत कादंबरी वाचकाला अंतर्मुख करते' छापाची वाक्यं असतात, ती ऐकणाऱ्यासाठी नाहीत. पण म्हणून सरसकट वाचकचं श्रोता करू नका, '1935 पासून वाचकांनी जपलेलं पुस्तक' यातला वाचक बरोबरच आहे. पहिल्या दोन ओळीच दिसतात आणि पुढे 'अधिक' दाबावं लागतं, तेव्हा थोरवी नंतर, आधी गोष्ट. मी असं लिहीन :

"रात्री आश्रमातली मंडळी जमतात आणि श्याम आईची एकेक आठवण सांगतो. कोकणातलं घर, गरिबी, आणि लाड करतानाही चुकीला माफ न करणारी आई. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'चं हे संपूर्ण वाचन, सगळ्या 42 रात्री. वाचन : (नाव)."

'संपूर्ण' तेव्हाच लिहा जेव्हा एकही रात्र गाळलेली नाही, नाहीतर 'संक्षिप्त'. आणि ट्रॅकच्या यादीत 'चॅप्टर 1' नको हो, पुस्तकातच 'रात्र पहिली : सावित्री-व्रत' असं दिलंय की.