‘परस्पर सोयीनुसार भेट’ ही ओळ बदलून घ्या, मग सही करा

प्रश्न: परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा, म्हणजे म्युच्युअलचा, अर्ज वकिलांनी तयार करून पाठवलाय, या आठवड्यात सही करायची आहे. पावणेदोन वर्षं वेगळे राहतोय. मुलगा सहा वर्षांचा, तो आईकडे राहील. सहा महिने थांबणं टाळता येतं का? ताबा आणि पोटगीच्या अटींत काय बघू?

उत्तर:

टाळता येतं. पण तुमच्या जागी मी असतो तर टाळलं नसतं. मी ते टाळलं होतं, आणि त्याची किंमत मी आणि माझ्या मुलीनं मिळून चार वर्षं मोजली.

२०१८ मध्ये आमचा अर्ज दाखल झाला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. आम्ही दोन वर्षं वेगळे राहत होतो. भांडायचं तेवढं भांडून झालं होतं, दागिने आणि पैसे यांचा हिशेब ठरला होता. माझा चुलतभाऊ वकील आहे, मसुदा त्यानंच केला. ताब्याबद्दल त्यात एकच वाक्य होतं: ‘मुलीचा ताबा याचिकाकर्ती क्र. १ यांच्याकडे राहील व याचिकाकर्ता क्र. २ यांना परस्पर सोयीनुसार मुलीस भेटता येईल.’ मी विचारलं, दादा, सोयीनुसार म्हणजे नक्की कधी? तो म्हणाला, ‘तुम्ही दोघं शिकलेली माणसं आहात. वार आणि वेळ लिहायला बसलास तर तिला वाटेल तुझा तिच्यावर विश्वास नाही. जुळत आलेलं फिसकटेल.’ मी गप्प बसलो.

कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी नेमका तोच प्रश्न विचारला होता. कागद वाचताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘सोय कोणाची?’ बायको म्हणाली, आम्ही बघून घेऊ. मीही मान हलवली. त्या दिवशी दोघांनाही तिथून लवकर बाहेर पडायचं होतं.

आता सहा महिन्यांचं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब मध्ये दोन मुदती आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. अर्ज करायच्या आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असलं पाहिजे, ही पहिली. अर्ज दाखल झाल्यापासून सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा कोर्टापुढे येऊन ‘अजूनही हेच हवं आहे’ असं सांगायचं, ही दुसरी. सहा महिने मोजायचे ते अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून, तुम्ही सही केलीत त्या तारखेपासून नाही. अठरा महिने उलटायच्या आत हे दुसरं येणं व्हावं लागतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या खटल्यात सांगितलं की ही सहा महिन्यांची अट न्यायाधीश माफ करू शकतात. त्यासाठी अर्जाआधीच दीड वर्षाचं वेगळं राहणं झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत, आणि पोटगी, मुलाचा ताबा व इतर वाद दोघांनी खरोखर मिटवलेले असावेत. माफीचा अर्ज मूळ अर्जानंतर आठवड्याभरानं करता येतो. तुमची पावणेदोन वर्षं झालीत, म्हणजे काळाच्या हिशेबात तुम्ही बसता. माफी द्यायची की नाही हे मात्र न्यायाधीश ठरवतात. तो तुमचा हक्क नाही.

आम्हाला ती मिळाली. दोन महिन्यांत डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, हातात आली. दादानं पेढे आणले होते. ते मला तेव्हाही खटकलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मुलीच्या आईची बदली नागपूरला झाली. मी पुण्यात. दर रविवारी होणारी भेट महिन्यावर गेली, मग दोन महिन्यांवर. मी तिकीट काढून कळवायचो, तर मुलीला ताप असायचा, नाहीतर आजोळी कार्य निघायचं, नाहीतर परीक्षा. यातलं काही खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण दर वेळी ‘सोय’ तिची ठरायची, कारण मुलगी तिच्याकडे होती. दिवाळी कोणाकडे, उन्हाळ्याची सुट्टी किती दिवस, फोन कधी, यातलं काहीच लिहिलेलं नसल्यामुळे तिनं एकही अट मोडली नव्हती. मोडायला अट होतीच कुठे? मग २०२० आलं आणि प्रत्यक्ष भेट बंदच झाली. व्हिडिओ कॉलबद्दलही कागदात काही नव्हतं.

२०२१ मध्ये मी त्याच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अर्ज केला. मुलांचा ताबा, भेट आणि खर्च यांबद्दलचा आदेश डिक्रीनंतरही बदलता येतो, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. तो निकाली निघायला चौदा महिने लागले. जे सहा महिन्यांचं थांबणं मी टाळलं होतं त्याच्या दुपटीहून जास्त.

दुसऱ्या वेळी आम्ही जे लिहिलं त्याचा नमुना देतो, कारण तुमच्या मसुद्यात अशी वाक्यं हवीत: ‘महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी १० ते रविवारी सायंकाळी ६ मुलगी वडिलांकडे राहील. आणण्या-पोहोचवण्याचा खर्च वडिलांचा. मुलीचं वडिलांच्या शहराबाहेर राहणं झाल्यास याऐवजी महिन्यातून एक सलग शनिवार-रविवार. उन्हाळी सुट्टीचा पहिला अर्धा भाग वडिलांकडे, दुसरा आईकडे. दिवाळीची सुट्टी सम वर्षी आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे. बुधवारी व रविवारी संध्याकाळी ७ ते ७.३० व्हिडिओ कॉल. आजारपणामुळे भेट चुकल्यास पुढच्या पंधरा दिवसांत भरून द्यावी. शहर बदलायचं असल्यास साठ दिवस आधी लेखी कळवावं.’ शेवटची दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची आहेत. ती पहिल्याच वेळी असती तर पुढचं बरंचसं झालंच नसतं.

म्हणून सांगतो, ते सहा महिने वाया गेले असं समजू नका. अर्ज दाखल झाल्याच्या पहिल्या आठवड्यापासून ठरलेलं वेळापत्रक प्रत्यक्ष पाळून बघा. मुलगा दुसरीकडे झोपतो का, सोमवारची शाळा जमते का, कोण किती वाजता दारात उभं राहतं, हे कागदावर कळत नाही. जे जमत नाही ते बदला आणि दोघांच्या सहीनं सुधारित अटी सहा महिन्यांनंतरच्या दुसऱ्या तारखेच्या आधी दाखल करा. तेव्हा ते दोन सह्यांचं काम असतं. डिक्रीनंतर त्याच बदलासाठी नवा अर्ज, नवी नोटीस, नव्या तारखा.

पोटगीबद्दल माझं चुकलं होतं, तेही सांगायला हवं. मुलीच्या खर्चाचे महिना ८,००० रुपये ठरले होते. वाढ नव्हती, शाळेची फी वेगळी धरलेली नव्हती. खाली वाक्य होतं, ‘याचिकाकर्ती क्र. १ भविष्यात स्वतःसाठी वा मुलीसाठी कोणतीही मागणी करणार नाहीत.’ कलम २६ च्या सुनावणीत तिनं खर्च वाढवून मागितला तेव्हा मी तेच वाक्य दाखवलं. तिच्या वकिलांनी शांतपणे सांगितलं की स्वतःची पोटगी ती सोडू शकते, मुलीचा हक्क सोडायचा अधिकार ना तिला आहे ना मला. ते बरोबर होतं. आता फी आणि औषधपाणी निम्मं-निम्मं, बाकी खर्चाची रक्कम ठरलेली आणि दर एप्रिलला त्यात ८ टक्के वाढ. तुमच्या मसुद्यात मुलाच्या वतीनं ‘कायमचा’ हक्क सोडलेला असेल तर त्या वाक्यावर विसंबू नका.

बायकोला एकरकमी पोटगी देऊन मोकळं व्हायचं असेल तर सगळं आधी देऊ नका आणि सगळं शेवटी ठेवतो असंही म्हणू नका. काही भाग अर्ज दाखल करताना आणि उरलेला दुसऱ्या तारखेला न्यायाधीशांसमोर डिमांड ड्राफ्टनं, ही रीत दोघांनाही सुरक्षित आहे. कारण डिक्री होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयानं हे १९९१ मध्येच सुरेष्टा देवी खटल्यात सांगितलंय. एकजण दुसऱ्या तारखेला आलाच नाही तरी म्युच्युअल तिथेच थांबतं, त्याची पहिली सही त्याच्या जागी उभी राहत नाही. छळाची ४९८अ खालची, किंवा जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खालची, तक्रार झालेली असेल तर ‘मागे घेऊ’ एवढं लिहून ती संपत नाही, ती रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं. तेव्हा रकमेचा शेवटचा हप्ता त्या आदेशाशी जोडा.

दादाशी माझा हा वाद अजून चालू आहे. त्याचं म्हणणं, आमचं बिनसलं ते अटींमुळे नाही, बदलीमुळे. मी म्हणतो, बदली होणार नाही असं धरून चार वर्षांच्या मुलीचा ताबा लिहायचाच कसा? तारखा लिहिल्यानं अविश्वास दिसतो, हे मला आता अजिबात पटत नाही. २०२२ पासून आमच्यात भेटीवरून एकही भांडण झालेलं नाही. आमचा एकमेकांवरचा विश्वास काही वाढलेला नाही. शनिवारी दहा वाजता काय करायचं हे विचारावं लागत नाही, एवढंच.

हे सगळं हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नाबद्दल आहे. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर कलम २८ लागतं, रचना जवळपास तीच आहे. इतरांसाठी नियम वेगळे. घरात मारहाण झालेली असेल, किंवा मूल एखाद्या पालकाला घाबरत असेल, तर मी दिलेला नमुना वापरू नका. तिथे मुक्काम नको. भेट समुपदेशकांच्या खोलीत किंवा कोर्टाच्या आवारातच ठेवावी लागते. आणि मी वकील नाही, माझ्या भावाचं म्हणणं तुमच्या वकिलांचंही असेल, तर त्यांना एवढंच विचारा: ती दुसऱ्या शहरात गेली तर मसुद्यातल्या कोणत्या वाक्यानुसार मी मुलाला भेटणार? त्यांनी त्या वाक्यावर बोट ठेवलं तर सही करा. नाहीतर या आठवड्यातली सही पुढच्या आठवड्यात गेली तरी सहा महिन्यांच्या हिशेबात तुमचे सातच दिवस जातील.