रिपोर्टमध्ये ८० आणि ९, हिंदीत कसं लिहायचं?

प्रश्न: धारणीकडे विशेष शिक्षिका आहे. सात वर्षांच्या मुलाचा ऑक्युपेशनल थेरपीचा रिपोर्ट इंग्रजीत आलाय, पालकांना हिंदीच कळते. ‘स्टँडर्ड स्कोअर ८०, पर्सेंटाइल ९, बिलो अ‍ॅव्हरेज’ हे आकृती उतरवण्याच्या चाचणीखाली लिहिलंय. अर्थ न बदलता कसं सांगू?

उत्तर: आकडे आहेत तसेच ठेवा, त्यांना हात लावू नका. प्रत्येक आकड्याखाली मात्र एक सोपं हिंदी वाक्य लिहा, कारण आपल्याकडे आकडा दिसला की पालक तो परीक्षेचा मार्क समजतात. मग ८० वाचून ते खूश होतात, ९ वाचून पोरगं नापास झालं म्हणतात (पास व्हायला ३५ लागतात ना!). खरं तर दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात. या चाचणीत १०० म्हणजे पैकीच्या पैकी नव्हे, ती त्या वयाची सरासरी आहे आणि एक पायरी १५ गुणांची. ८० म्हणजे सरासरीच्या सव्वा पायरीहून थोडं जास्त खाली. तिथे पर्सेंटाइल ९ येतो.

‘पर्सेंटाइल’चं ‘प्रतिशत’ केलंत की अर्थच बदलला. ‘शतमक’ हा शब्द बरोबर आहे, पण मेळघाटात तो कोणाला कळणार? परिपाठाला पोरं उंचीप्रमाणे उभी राहतात ती रांग पालकांनी पाहिलेली असते. तीच वापरा:

‘इसी उम्र के 100 बच्चों को इस काम के अंकों के हिसाब से कम से ज़्यादा की लाइन में खड़ा करें, तो आपका बच्चा नीचे से लगभग नौवें नंबर पर आएगा। यह परीक्षा के नंबर नहीं हैं।’

‘इस काम’ हे दोन शब्द गाळू नका. ते गेले की आकृती उतरवण्याचा निष्कर्ष अख्ख्या मुलावर जातो.

‘बिलो अ‍ॅव्हरेज’ला ‘औसत से कम’ लिहा. ‘कमज़ोर’ किंवा ‘मंद’ नको. ‘मंद’ ऐकलं की पालकांना ‘मंदबुद्धि’च ऐकू येतं, आणि तसं निदान रिपोर्टात नाही. उलट, धीर द्यायला ‘थोड़ा-सा कम’ लिहिणं हीसुद्धा तितकीच चूक. तो ‘थोडा’ तुमचा, थेरपिस्टचा नाही.

वयाचा आकडा, समजा ‘५ वर्षे ४ महिने’, दिला असेल तर ‘दिमाग पाँच साल का है’ असं कधीच लिहू नका. ‘इस काम में इतने अंक औसतन 5 साल 4 महीने के बच्चों के आते हैं’ एवढंच.

आता तपासणी. इंग्रजी रिपोर्ट न पाहिलेल्या कोणाकडून तुमचं हिंदी परत मराठीत करून घ्या आणि ते थेरपिस्टला मूळ रिपोर्टाशी ताडायला द्या. मग पालकांना ‘समझ गए?’ विचारू नका, ‘हो’च म्हणतील. ‘घर जाकर दादी को क्या बताओगे?’ असं विचारा. उत्तरात ‘नौ प्रतिशत’ आलं, तर वाक्य अजून जमलेलं नाही.