शेवटच्या रेझिस्टरमधून 1 अँपिअर धरून लॅडर सोडवणं

प्रश्न: लॅडर सर्किटमध्ये शेवटच्या रेझिस्टरमधून 1 अँपिअर करंट जातोय असं धरून मागे मागे सोर्सपर्यंत जायचं आणि शेवटी गुणोत्तर लावायचं, ही पद्धत बरोबर आहे का? का मेशनेच सोडवावं? डिप्लोमाच्या पेपरात मार्क मिळतात का?

पद्धत शंभर टक्के बरोबर आहे. "उत्तर आधीच धरून गणित सुटत नसतं" असं तुम्हाला कुणीतरी ऐकवलेलं दिसतंय. मलाही ऐकवलं होतं, म्हणून हे जरा लांबणार आहे.

मी सांगलीत डिप्लोमा केला. कॉलेजचं नाव घेत नाही, सरांचंही नाही. क्लास टेस्टला हे सर्किट आलं होतं: सोर्स 12 व्होल्ट. सोर्सला लागून सिरीजमध्ये 2 ओहम, मग नोड अ. अ पासून खाली ग्राउंडला 6 ओहम. अ च्या पुढे 4 ओहम, मग नोड ब, तिथून खाली 3 ओहम. ब च्या पुढे 2 ओहम आणि सगळ्यात शेवटी 4 ओहमचा आउटपुट रेझिस्टर. आउटपुटचा करंट काढा, एवढंच विचारलं होतं.

मी शेवटून सुरुवात केली. आउटपुटमधून 1 अँपिअर धरला, म्हणजे त्याच्यावर 4 व्होल्ट. तोच करंट अलीकडच्या 2 ओहममधून येतो, तिथे 2 व्होल्ट पडतात. म्हणून ब वर 6 व्होल्ट. मग ब च्या 3 ओहममधून 2 अँपिअर खाली जाणार. पुढे जाणारा 1 आणि खाली जाणारे 2 मिळून 3 अँपिअर 4 ओहममधून यायला हवेत, म्हणजे 12 व्होल्ट पडले आणि अ वर 18 झाले. 18 भागिले 6, अ वरून 3 अँपिअर खाली. एकूण 6 अँपिअर पहिल्या 2 ओहममधून, त्याचे 12 व्होल्ट. 18 अधिक 12, सोर्स 30 व्होल्ट.

आपला सोर्स 12 आहे, 30 नाही. 12 भागिले 30 म्हणजे 0.4. सर्किटमधला प्रत्येक करंट आणि प्रत्येक व्होल्टेज 0.4 ने गुणायचं. आउटपुटचा करंट 0.4 अँपिअर, आउटपुटवर 1.6 व्होल्ट. सगळं मिळून सहा-सात ओळी.

पेपर परत आला तेव्हा त्यावर लाल रेघ होती. उत्तराला मार्क, पद्धतीला शून्य. विचारायला गेलो तर सर म्हणाले, "1 अँपिअर कुठून आणलास? उत्तर धरून गणित सोडवायला हे काय ज्योतिष आहे का?" सगळा वर्ग हसला. सरांना हवं होतं तीन लूप, तीन समीकरणं आणि 3 बाय 3 चा डिटरमिनंट.

मला राग आला तो हसण्याचा. गावात इलेक्ट्रॉनिक्सचं सामान मिळायचं त्या दुकानातून 1 किलोओहमच्या रेझिस्टरची एक पट्टी आणली, तपकिरी-काळा-लाल आणि शेवटी सोनेरी पट्टा असलेले. ओहममध्ये खरं सर्किट बांधलं असतं तर 12 व्होल्टला 28.8 वॅट लागले असते, पाव वॅटचे रेझिस्टर धूर सोडून मोकळे झाले असते. म्हणून ओहमच्या जागी किलोओहम घेतले. करंट हजारपटीने खाली येतो, व्होल्टेज मात्र जागच्या जागी तीच राहतात. 6 किलोओहम हवा तिथे सहा रेझिस्टर एकामागे एक, 4 हवा तिथे चार. ब्रेडबोर्डवर ती रांग सापासारखी दिसत होती.

लॅबमधल्या सप्लायच्या नॉबवरचे आकडे कुणी मनावर घेत नाही, म्हणून आधी मीटर सोर्सवर लावून 12 करून घेतले आणि मग आउटपुटवर लावला. 1.6 च्या अगदी जवळ. खरं तर सोनेरी पट्टा म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे. पण आउटपुटचं व्होल्टेज रेझिस्टरच्या आपसातल्या गुणोत्तरावर ठरतं, आणि एकाच पट्टीतले रेझिस्टर बहुतेक एकाच बाजूला चुकलेले असतात. म्हणून व्होल्टेज छान जुळतं. करंट मोजला असता तर फरक जास्त दिसला असता. तुम्हीही करून बघणार असाल तर व्होल्टेजच मोजा.

सरांनी मीटर बघितला आणि म्हणाले, "उत्तर बरोबरच आहे, मी कुठे नाही म्हणतोय? पद्धत चुकीची आहे." यावर काय बोलणार?

तेव्हा बोलता आलं नाही ते आता बोलतो. सरांचीच तीन मेश समीकरणं घ्या, सोर्सच्या बाजूने i1, i2, i3. i3 म्हणजे आउटपुटचा करंट.

```
 8·i1 −  6·i2          = 12
−6·i1 + 13·i2 − 3·i3   =  0
        −3·i2 + 9·i3   =  0
```

आता डिटरमिनंट बाजूला ठेवा आणि खालच्या ओळीपासून वर चढा. तिसरी ओळ सांगते i2 = 3·i3. ते दुसऱ्या ओळीत घातलं की i1 = 6·i3. दोन्ही पहिल्या ओळीत घातले की 48·i3 − 18·i3, म्हणजे 30·i3 = 12. पुन्हा 3, 6 आणि 30, माझ्या पेपरात होते तेच आकडे. मी i3 च्या जागी 1 लिहिला होता, बाकी काही नाही. मेश आणि ही पद्धत असं भांडणच नाही. लॅडरच्या मेश समीकरणांत शेवटच्या ओळीत दोनच अनोळखी असतात, म्हणून खालून चढता येतं, आणि शेवटून सोडवणारा माणूस समीकरणं न लिहिता नेमकं तेच करतो.

1 अँपिअर धरायची मुभा कशामुळे मिळते? वरच्या पायऱ्या पुन्हा बघा. प्रत्येक ठिकाणी आपण एकतर ओहमने गुणलं, नाहीतर ओहमने भागलं, नाहीतर दोन गोष्टींची बेरीज केली. सुरुवातीचा 1 जर 2 केला तर प्रत्येक पायरी दुप्पट होते आणि सोर्स 30 चा 60 होतो. म्हणून उलट दिशेने, सोर्स 12 असेल तर सुरुवातीचा आकडा 0.4 च असणार. यात अंदाज कुठे आला?

सिरीज-पॅरलल करून आत जायचं आणि मग करंट वाटत बाहेर यायचं, असंही करता येतं. पण तो रस्ता दोनदा चालायचा, एकदा जाताना, एकदा येताना. इथे एका फेरीत काम होतं आणि वर सोर्सला दिसणारा एकूण रेझिस्टन्स फुकट मिळतो: 30 भागिले 6, 5 ओहम. हीच तुमची तपासणी. 4 आणि 2 मिळून 6, त्याला 3 पॅरलल म्हणजे 2, त्यात 4 म्हणजे 6, त्याला 6 पॅरलल म्हणजे 3, त्यात 2 म्हणजे 5. जुळलं नाही तर बहुतेक वेळा नोडवर खाली जाणारा करंट मिळवायचा राहिलेला असतो.

एक ठिकाण मात्र सांभाळा. पॉवर विचारली असेल तर 0.4 ने गुणायचं नाही, 0.4 च्या वर्गाने गुणायचं. धरलेल्या सर्किटमध्ये आउटपुटला 4 वॅट आहेत, खऱ्यात 0.64. मुलं 1.6 लिहून येतात आणि नंतर म्हणतात पद्धतीमुळे गेलं.

आता ही पद्धत कुठे चालत नाही ते, आधीच सांगायला हवं होतं. सर्किटमध्ये दुसरा स्वतंत्र सोर्स असेल तर सरळ गुणोत्तर लावू नका. समजा ब वरच्या 3 ओहमच्या खाली 9 व्होल्टची बॅटरी आहे, प्लस रेझिस्टरच्या बाजूला आणि मायनस ग्राउंडला. 1 अँपिअर धरून मागे गेलात तर सोर्स 8 व्होल्ट येतो, गुणोत्तर 12 भागिले 8, आणि तुम्ही मोठ्या आत्मविश्वासाने 1.5 अँपिअर लिहून याल. खरं उत्तर 1.13 च्या आसपास आहे. कारण बॅटरीचे 9 व्होल्ट काही तुमच्या गुणोत्तराबरोबर वाढत नाहीत. ओळखायचं कसं? मुख्य सोर्स शून्य केला तर आउटपुट शून्य होतं का, एवढं मनाशी विचारा. होत नसेल तर थांबा.

थांबा म्हणजे पद्धत टाकून द्या असं नाही. 1 च्या जागी x लिहा आणि तसंच मागे जा. ब वर 6x, खाली जाणारा करंट 2x − 3, अ वर 18x − 12, आणि सोर्सला पोचेपर्यंत 30x − 22 मिळतं. ते 12 बरोबर ठेवलं की x = 34/30. ब वर 6.8 व्होल्टच आहेत, म्हणजे बॅटरी उलट करंट देते आहे, हेही त्यातच दिसतं. डायोड असेल तर मात्र हात जोडा, तिथे दुपटीला दुप्पट हा हिशोबच राहत नाही. आणि दोन नोडना उडी मारून जोडणारा रेझिस्टर असेल तर ते लॅडर राहिलं नाही, शेवटून निघालात तर पहिल्याच वळणावर दुसरा अनोळखी आकडा आडवा येतो. तिथे मेश किंवा नोडल करा, गुपचूप.

सरांचा आक्षेप या बॅटरीच्या सर्किटवर असता तर मी मान्य केला असता. त्या टेस्टच्या सर्किटमध्ये बॅटरी नव्हती.

मार्कांचं विचारलंत. पेपर तपासणाऱ्यावर आहे, खरं सांगतो. प्रश्नातच "मेशने सोडवा" लिहिलं असेल तर मेशनेच सोडवा, तिथे शहाणपणा नको. तसं लिहिलं नसेल तर पहिल्या ओळीत "सर्किट लिनियर आहे आणि सोर्स एकच आहे, म्हणून आउटपुट सोर्सच्या प्रमाणात" हे स्पष्ट लिहा, प्रत्येक नोडचं व्होल्टेज वेगळ्या ओळीत दाखवा, आणि धरलेले आकडे व खरे आकडे यांचे दोन वेगळे रकाने करा. तरीही कुणी कापले तर मार्कांसाठी जरूर भांडा. मी त्या वेळी भांडलो नाही, मीटर घेऊन गेलो, आणि मार्क शेवटपर्यंत मिळाले नाहीत.