बाबांच्या रेडिएशनसाठी बिनपगारी रजा मागताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा अर्ज दोनदा वाचला. बाबांच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल तू दीड पान लिहिलं आहेस आणि रजेबद्दल एकच ओळ: ‘परिस्थितीनुसार काही महिन्यांची बिनपगारी रजा मिळावी.’ साहेबांना मंजूर करायची आहे ती नेमकी हीच ओळ, आणि ती कुणालाच मंजूर करता येणार नाही. कधीपासून, कधीपर्यंत आणि तोवर काम कोण बघणार, हे कळल्याशिवाय ते वरच्यांकडे शब्द टाकणार तरी कसा? खाजगी नोकरीत आई-वडिलांच्या शुश्रूषेसाठी अशी रजा द्यायलाच हवी, असा कायदा आपल्याकडे नाही. ती कंपनीच्या धोरणावर आणि साहेबांच्या इच्छेवर मिळते, म्हणून त्यांना होकार देणं सोपं करून दे.

तारखा अंदाजाने लिहू नकोस, डॉक्टरांच्या कागदावरून काढ. रेडिएशनची तीस सेशन्स, आठवड्यातून पाच, सोमवार ५ जानेवारी २०२६ पासून. म्हणजे सहा आठवडे. मध्ये २६ जानेवारीची सुट्टी येते, म्हणून शेवटचं सेशन १६ फेब्रुवारीला धर. मशीन बंद पडलं तर आणखी एखादा दिवस पुढे जाईल.

बहुतेक लोक इथेच फसतात. शेवटच्या सेशनला रजा संपवतात आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचं ठरवतात. तोंडाच्या रेडिएशनचा त्रास मात्र उपचारांबरोबर संपत नाही. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तोंड सोलवटायला लागतं, शेवटच्या दोन आठवड्यांत पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी येतं, आणि सेशन्स संपल्यावरही दोन ते चार आठवडे तसेच जातात. कुणाला नाकातल्या नळीवाटे पातळ अन्न द्यावं लागतं, ते दर काही तासांनी. वजनावर लक्ष ठेवावं लागतं. त्या दिवसांत घरी माणूस हवंच. म्हणून रजा १५ मार्चपर्यंत माग. मागून वाढवून मागण्यापेक्षा आधीच पुरेशी मागितलेली बरी. दर पंधरा दिवसांनी मुदतवाढीचा मेल आला की साहेबांचा विश्वास उडतो.

मग परतण्याचं. मी असं लिहिलं असतं:

‘मी ५ जानेवारी ते १५ मार्च बिनपगारी रजेची विनंती करत आहे. सोमवार, १६ मार्चपासून चार आठवडे रोज अर्धा दिवस, सकाळी ९ ते १, घरून काम करीन. या काळाचा पगार त्या प्रमाणात द्यावा. सोमवार, १३ एप्रिलपासून पूर्णवेळ ऑफिसात रुजू होईन. बाबांची तब्येत पाहून या तारखा कायम आहेत की नाहीत, हे २ मार्चला लेखी कळवीन.’

ही २ मार्चची ओळ गाळू नकोस. बेत बदललाच तर दोन आठवडे आधी कळणार, एवढा दिलासा त्यांना पुरतो.

कामाच्या बाबतीत ‘टीम सांभाळून घेईल’ असं लिहू नकोस. तुझ्याकडची तीन-चार मोठी कामं नावानिशी लिही आणि प्रत्येकापुढे ज्याने आधीच ‘हो’ म्हटलंय त्याचं नाव. न विचारता सहकाऱ्याचं नाव घातलंस तर तो दुखावेल आणि अर्जही अडकेल. अडलंनडलं तर बुधवारी संध्याकाळी अर्धा तास फोनवर भेटेन, एवढंच कबूल कर. रोज उपलब्ध राहीन म्हणालास, तर रजा नावापुरती उरेल.

अर्जाच्या शेवटी दोन गोष्टी स्पष्ट माग. पहिली, रजेचं मंजुरीपत्र लेखी मिळावं आणि ही रजा सेवाखंड धरली जाऊ नये. ग्रॅच्युइटीसाठी नोकरीची सलगता मोजतात, तेव्हा हा कागद हाताशी हवा. दुसरी, बाबा कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आहेत, तो विमा रजेतही चालू राहावा. पगारच नसेल तर तुझ्या हिश्श्याचा हप्ता कापणार कशातून? तो बँकेतून भरायची तयारी दाखव. ऐन उपचारांत विमा खंडित झाला तर पगार बुडण्यापेक्षा मोठं नुकसान होईल. पगार नाही त्या महिन्यांत पीएफही जमा होणार नाही, हे घरच्या हिशोबात आधीच धर. शिल्लक पगारी रजा सगळी संपवू नकोस. पुढच्या तपासण्यांसाठी चार-पाच दिवस राखून ठेव, आणि तसं अर्जात सांग.

सोबत फक्त रुग्णालयाचं उपचारांच्या तारखांचं पत्र जोड. बायोप्सीचे रिपोर्ट, फोटो काही नको. बाबांच्या आजाराचा तपशील दहा जणांच्या इनबॉक्समध्ये फिरायचं कारण नाही.

मेल पाठवण्याआधी साहेबांना समोर बसून दहा मिनिटं सांग. त्यांनी दहा आठवड्यांना नाही म्हटलं, तर १६ फेब्रुवारीपर्यंत पूर्ण रजा आणि पुढे १५ मार्चपर्यंत अर्धा दिवस घरून, असा दुसरा पर्याय तोंडी तयार ठेव. अर्जात मात्र एकच मागणी असू दे.

नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव, बघतो.

तुझा,
काका