तिसरीतलं दप्तर: पुस्तकं भरायच्या आधीच मर्यादा संपते

प्रश्न: मुलगी तिसरीत आहे, वजन २२ किलो. तिचं दप्तर मलाच जड वाटतं. महिनाभर खांदे दुखतात म्हणते. यामुळे मणक्याला बाक येईल का? शाळेत सांगितलं तर "सगळ्यांचंच असतं" म्हणतात. काय करू?

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मी तरी शाळकरी मुलं असतात. बाकाबद्दल आधी सांगते. दप्तरामुळे मणक्याला कायमचा बाक येतो, असं दाखवणारा पुरावा नाही. २०१८ मध्ये ६९ अभ्यासांचा, म्हणजे ७२ हजारांहून जास्त मुलांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. दप्तराच्या वजनाचा आणि पुढे जडणाऱ्या पाठदुखीचा पक्का संबंध त्यात सापडला नाही.

पण याचा अर्थ वजनाने काहीच होत नाही असा घेऊ नका. २०१० मध्ये अमेरिकेत साधारण अकरा वर्षांच्या आठ मुलांना पाठीवर ४, ८ आणि १२ किलोची दप्तरं देऊन उभ्यानेच एमआरआय काढले होते. वजन वाढत गेलं तशा कमरेतल्या मणक्यांमधल्या चकत्या जास्त दबत गेल्या, आणि मुलांनी सांगितलेलं दुखणंही वाढत गेलं. अभ्यास लहान आहे आणि ते चित्र दप्तर पाठीवर असतानाचं आहे, उतरवल्यावर त्यातलं काय उरतं हे त्यावरून कळत नाही. तरी तुमची मुलगी खांदे दुखतात म्हणते ते खरं आहे, एवढं त्यावरून नक्की कळतं.

खांदेच का दुखतात, तेही समजून घ्या. पाठीवर ओझं आलं की मागे पडू नये म्हणून मूल कमरेतून पुढे वाकतं. समोर तर बघायचं असतं, म्हणून मान वर उचलून हनुवटी पुढे काढतं. मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू मग दप्तर खांद्यावर असेपर्यंत ताणलेलाच राहतो, आणि वरून अरुंद पट्टा त्याच जागी रुततो. संध्याकाळी आंघोळीच्या वेळी खांद्यावर लाल वळ दिसतो का बघा. हाताला मुंग्या येतात का, बोटं बधिर होतात का, हेही विचारा. तसं होत असेल तर पट्टा नसांवर दाब देतोय आणि दप्तर त्याच दिवशी हलकं करायला हवं.

आता मोजू. मागच्या वर्षी तिसरीतला, तुमच्या मुलीच्याच वजनाचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याच्या आईला मी दप्तर जसंच्या तसं घेऊन यायला सांगितलं. आम्ही ते सतरंजीवर रिकामं केलं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवली. रिकामं दप्तर ७०० ग्रॅम, कारण तळाला कडक पुठ्ठा आणि पुढे कार्टूनचा जाडजूड तुकडा. स्टीलची बाटली भरलेली, १,१०० ग्रॅम. डबा ५५० ग्रॅम. इथेच २ किलो ३५० ग्रॅम झाले. महाराष्ट्र शासनाच्या २१ जुलै २०१५ च्या निर्णयानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे या मुलाला २ किलो २०० ग्रॅम. एकही पुस्तक न भरता तो मर्यादेच्या पुढे गेला होता. आई काट्याकडे बघतच राहिली.

मग कागद. चार पाठ्यपुस्तकं ९०० ग्रॅम. आठ वह्या १,२०० ग्रॅम, कारण चार विषयांना वर्गकार्याची एक आणि गृहपाठाची एक. खाजगी प्रकाशकांची दोन गुळगुळीत पुस्तकं, संगणक आणि सामान्य ज्ञान, मिळून ५०० ग्रॅम. तो चकचकीत कागद नेहमीच्या कागदापेक्षा जड असतो. लोखंडी कंपास पेटी ३०० ग्रॅम आणि शाळेची डायरी ३००. एकूण साडेपाच किलोच्या वर, म्हणजे मुलाच्या वजनाचा चौथा हिस्सा. माझं वजन ६० किलो आहे. त्या हिशोबाने मला रोज पंधरा किलो पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढावं लागेल.

पाठ्यपुस्तकं दप्तराच्या सहाव्या हिश्शाएवढीच होती, हे लक्षात घ्या. दप्तर जड होतं ते जास्त करून वेळापत्रकामुळे. पस्तीस मिनिटांचे आठ तास आणि रोज जवळजवळ सगळे विषय, की प्रत्येक विषयाचं पुस्तक आणि दोन वह्या रोज आल्याच. गृहपाठाची वही वेगळी लागते कारण ती तपासायला जमा होते. ती भरलेली दिसली नाही तर पालकच विचारतात, "शाळेत काही शिकवत नाहीत का?" हे मी शाळेची बाजू घेऊन म्हणत नाही, पण भरलेल्या वह्या मोजणारे आपणही आहोत.

आपल्याकडे यावर एक प्रयोग होऊन गेलाय. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या राज्य मंडळाच्या पुस्तकांचे चार भाग केले. एका भागात सगळ्या विषयांचे थोडे थोडे धडे, आणि वेगळी वही लागू नये म्हणून मध्ये कोरी पानं. कल्पना मला आवडली होती. पण मुलं वह्या आणतच राहिली आणि कोरी पानं बरीचशी कोरीच राहिली. दोन वर्षांनी, २०२५-२६ पासून, ती पानं काढून टाकली. पुस्तक बदललं, वही तपासायची पद्धत तीच राहिली, मग दुसरं काय होणार. केंद्राने नेमलेल्या यशपाल समितीने १९९३ मध्येच लिहून ठेवलं होतं की दप्तराच्या वजनापेक्षा न समजलेल्या अभ्यासाचं ओझं जास्त वाईट. त्या ओझ्याचाही शरीरावर परिणाम होतो, आणि माझ्या मते तो दप्तरापेक्षा मोठा आहे.

तुमच्या मुलीच्या पाठीवर दप्तर दिवसातून किती वेळ असतं? चालणं, जिने आणि रिक्षावाल्या काकांची वाट बघणं धरून अर्धा-पाऊण तास. बाकावर ती बसते पाच-सहा तास, मग शिकवणी, मग गृहपाठ. पाठ सरळ धरणारे स्नायू धावून, लोंबकळून, उड्या मारून तयार होतात. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर तरी मध्यम ते जोरदार हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोर्शन पूर्ण करायला खेळाचा तास गणिताला दिला की तोच तास जातो. अशा मुलाला तीन किलोही जड लागतात, आणि रोज मैदानावर असलेलं मूल त्याच वजनाची तक्रार करत नाही. म्हणून मी पालकांना दप्तराच्या वजनाबरोबर हेही विचारते, की या आठवड्यात मूल घामाघूम किती वेळा झालं.

दहा टक्के ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. दोन किलो तीनशेला पाठ मोडत नाही. पण वर्गात सगळ्यांना पुस्तकं सारखीच असतात, त्यामुळे अंगाने बारीक मुलाला तेच दप्तर जास्त पडतं. सतरा किलोच्या मुलाला तेच साडेपाच किलो म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा.

त्या मुलाचं काय केलं ते सांगते. कडक दप्तराऐवजी ४५० ग्रॅमचं कापडी घेतलं, रुंद पट्ट्यांचं. दोन्ही पट्टे खांद्यावर, आणि तळ कमरेच्या चार बोटं खाली जाईल एवढेच सैल. जड वस्तू पाठीला चिकटून. कंपास पेटीऐवजी कापडी पाउच, १०० ग्रॅम. डबा जरा हलका, ४५० ग्रॅम. बाटली छोटी, भरून ४०० ग्रॅम, कारण त्यांच्या शाळेत पाण्याचा फिल्टर चालू होता आणि मुलगा मधल्या सुट्टीत ती पुन्हा भरायचा. तुमच्याकडे तशी सोय नसेल तर बाटलीला हात लावू नका. वजनासाठी किंवा शाळेतली स्वच्छतागृहं घाण म्हणून दिवसभर पाणी न पिणारी मुलं मी बघते, त्यांचं पोट साफ होत नाही आणि लघवीला जळजळ होते.

बाकीचं शाळेकडून हवं होतं. आई एकटी गेली नाही, चार पालक मिळून गेले, आणि तक्रार न करता काट्यावरचे आकडे लिहिलेला कागद बाईंपुढे ठेवला. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाची प्रतही नेली. त्यात तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो दिलंय आणि गृहपाठ आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. बाईंनी काही गोष्टी मान्य केल्या. संगणक-सामान्य ज्ञानाची पुस्तकं वर्गातल्या कपाटात राहतील, आणि एका बाकावरच्या दोघांनी पुस्तकं वाटून आणायची. गृहपाठाला सगळ्या विषयांची मिळून एकच वही झाली, आणि दिवसाला दोन विषयांनाच गृहपाठ. पुस्तकं ४५० ग्रॅमवर आली, गृहपाठाची एक आणि वर्गकार्याच्या दोन अशा वह्या तीन राहिल्या, त्याही ४५० ग्रॅम. डायरी धरून एकूण २ किलो ६००. दहा टक्क्यांच्या आत नाहीच बसलं, पण निम्म्याहून खाली आलं. महिन्याभरात खांद्याची तक्रार थांबली. अर्थात त्याच महिन्यात तो रोज संध्याकाळी खेळायलाही जायला लागला होता, त्यामुळे श्रेय कुणाचं ते मी सांगू शकत नाही.

तुमच्या घरी एक तपासणी करा. तिला पाठमोरी, पाय जुळवून उभं करा, हात जोडून कमरेतून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाठ बघा. उभं असताना एक खांदा खाली दिसतो पण वाकल्यावर दोन्ही बाजू सारख्या होतात, तर ती बहुधा उभं राहण्याची सवय आहे. वाकल्यावरही एका बाजूच्या बरगड्या उंच राहिल्या तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तो बाक दप्तराने आलेला नसतो, पण वेळेत कळलेला बरा.

आणि दप्तर हलकं करूनही दुखणं दोन-तीन आठवड्यांत उतरलं नाही, रात्री झोपेतून उठवायला लागलं, बारीक ताप येतोय, वजन घटतंय किंवा खाली पडलेली पेन्सिल उचलायला वाकता येत नाही असं दिसलं, तर दप्तराला दोष देत बसू नका. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग मुलांनाही होतो, आणि "दप्तर जड आहे ना" म्हणून त्यात महिने गेलेले मी पाहिलेत. लगेच डॉक्टरांकडे जा.

त्या मुलाच्या दप्तरात डायरी मात्र अजून आहे. तीनशे ग्रॅमची, आणि तिची पहिली चाळीस पानं शाळेचे नियम.